मुकादमाचा नाइलाज

माझ्या पहिल्या लघुकादंबरीचा कच्चा खर्डा मी गेल्या पावसाळ्यात रूममेटला वाचायला दिला. तो माझ्यासारखाच इंजिनिअर, टेस्टिंगमध्ये आहे, त्यामुळे दुसऱ्याच्या चुका शोधायचा त्याला पगारच मिळतो. एका रविवारी त्याने सगळं वाचून काढलं आणि म्हणाला, "भारी जमलंय रे. तो मुकादम... बिचारा."

त्या 'बिचारा'वर मी चार दिवस खूश होतो. खलनायक माणूस वाटला पाहिजे, त्याची बाजू समजली पाहिजे, असं जो तो सांगत असतो. ते मला पहिल्याच फटक्यात जमलं होतं. पाचव्या दिवशी चहा पिताना मी सहज विचारलं, "आणि ते पोरगं?"

"कोणतं पोरगं?"

माझ्या कथेत मुकादम अकरा वर्षांच्या एका मुलाला बापाच्या कर्जापोटी उचलून आणतो आणि स्वतःच्या घरी शेळ्यांमागे ठेवतो. कथेतली सगळ्यात क्रूर गोष्ट तीच. ती माझ्या वाचकाच्या लक्षातसुद्धा राहिली नव्हती. वाचणारा तोच, जो ऑफिसात एक चुकलेला स्वल्पविराम सोडत नाही. म्हणजे दोष वाचणाऱ्यात नव्हता.

हा लेख त्या दोषाबद्दल आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो: 'खलनायकाला दुःखद भूतकाळ द्या' हा जो सल्ला आपल्याला व्हिडिओंतून, वर्कशॉपमधून आणि वेबसिरीजच्या गप्पांतून मिळतो, तो वाईट सल्ला आहे. त्याने खलनायक समजत नाही, तो सुटतो.

ऊसतोडीचं गणित शहरात वाढलेल्यांसाठी थोडक्यात. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमाराला लाखो लोक ऊस तोडायला बाहेर पडतात. नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. निघण्याआधी जोडीला आगाऊ रक्कम मिळते, ती 'उचल'. हंगामभर तोड करून ती फेडायची. कारखाना किंवा वाहतूक ठेकेदार पैसे देतो, पण ते मजुरापर्यंत पोचवतो मुकादम. टोळी तो जमवतो, उचल तो वाटतो आणि कमिशन घेतो. एखादी जोडी उचल घेऊन पळाली तर ठेकेदार मुकादमाची मान धरतो. म्हणजे मुकादम हा वरून दाबलेला आणि खाली दाबणारा माणूस. खलनायकासाठी यापेक्षा सुपीक जागा मला तरी माहीत नाही.

आणि जागा माहीत असायचं कारण म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील, मुकादम होते. त्याच्याकडे पुढे येतो.

पहिल्या खर्ड्यात मी काय केलं होतं? मुलाला उचलून आणण्याच्या प्रसंगाच्या बरोबर आधी सात पानांचा फ्लॅशबॅक टाकला होता. मुकादम लहान असताना त्याच्या बापाला दुसऱ्या एका मुकादमाने बाभळीला बांधून मारलं होतं. पोरगा ते बघत उभा. संध्याकाळ, बैलांच्या घुंगरांचा आवाज, बापाच्या सदऱ्यावरचं रक्त, सगळं व्यवस्थित लिहिलं होतं. लिहिताना मी रडलोसुद्धा. मग धडा बदलून तोच पोरगा, आता मुकादम झालेला, जीपमधून एका म्हातारीच्या दारात उतरतो.

आता यात काय बिघडलं ते नीट बघा. सात पानं वाचून वाचकाच्या मनात जी कळ साठली होती, ती पुढच्या प्रसंगात कुणासाठी खर्च झाली? दारातल्या मुलासाठी नाही. बाभळीजवळ उभ्या असलेल्या मुलासाठी. एका मुलाचं दुःख मी दुसऱ्या मुलावर पांघरूण म्हणून टाकलं आणि खालचा दिसेनासा झाला.

हे हिंदी सिनेमाने आपल्याला फार आधी शिकवून ठेवलंय. 'बाजीगर' आठवा, १९९३ चा. शाहरुख लग्नाच्या आमिषाने सीमाला इमारतीच्या गच्चीवर नेतो आणि खाली ढकलतो. त्याआधी तिच्याकडून आत्महत्येची चिठ्ठी खेळीमेळीत लिहून घेतो. सीमाने त्याचं काहीही वाकडं केलेलं नाही. पुढे कळतं की तिच्या बापाने याच्या बापाला लुबाडलं, घर गेलं, लहान बहीण गेली, आई भ्रमिष्ट झाली. शेवटी तो आईच्या मांडीवर मरतो आणि आपण डोळे पुसतो. सीमाचा बाप खराच बदमाश आहे, हे मान्य. पण या सगळ्या दुःखातून गच्चीवरच्या मुलीपर्यंत जाणारा रस्ता कुठाय? तो नाही. मधे एक उडी आहे आणि ती उडी आपण बघू नये म्हणून पार्श्वसंगीत आहे. मी सिनेमाच्या विरोधात नाही, मला तो अजून आवडतो. पण त्याचं तंत्र उचलून मी साहित्य लिहायला बसलो होतो, तेही प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीवर.

फ्लॅशबॅकची खरी भानगड अशी की तो 'का' या प्रश्नाचं उत्तर देत असल्याचं सोंग आणतो. बापाला मारलं म्हणून हा मुलं उचलतो, हे उत्तरच नाही. बापाला मार खाताना बघितलेली माणसं शिक्षक होतात, कंडक्टर होतात, ऊसच तोडत राहतात. या माणसाने या मंगळवारी या दारात जाऊन मूल का उचललं, हे भूतकाळातून कळत नाही. ते त्या मंगळवारच्या हिशेबातून कळतं. म्हणून मी सात पानं कापली आणि हिशेब मांडला.

कथेत टोळी दहा कोयत्यांची. प्रत्येकी उचल एक लाख. दर टनाला ३६६ रुपये धरला. एक जोडी दिवसाला साधारण दोन टन तोडते असं धरलं, म्हणजे ७३२ रुपये. लाख फेडायला एकही दिवस खाडा न करता १३७ दिवस लागतात. (आठवड्याची खर्ची धरली तर आणखी जास्त. मी ती सोडून दिली, कारण मला कादंबरी लिहायची होती, एक्सेल शीट नाही.) चाळिसाव्या रात्री विष्णू आणि सुनीता पळून जातात. सुनीताला रक्तस्राव होत असतो आणि मुकादम तिच्या विश्रांतीचा खाडा लावत असतो. चाळीस दिवसांचे २९,२८० फिटले, ७०,७२० उरले. ही रक्कम आता ठेकेदार मुकादमाकडून कापणार.

मुकादमाचं कमिशन कथेत वीस टक्के आहे. नऊ कोयते उरले, म्हणजे दिवसाला सुमारे १,३१८ रुपये. ७०,७२० भरून काढायला त्याला चोपन्न दिवस फुकट राबावं लागेल. हंगाम दीडशे दिवसांचा धरला तर उरलेत एकशे दहा. म्हणजे पुढची निम्मी कमाई गेली. आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, त्याला मुलीचं लग्न करायचं आहे.

हे आकडे कागदावर आले तेव्हा दोन गोष्टी एकदम झाल्या. पहिली, मुकादम मला पहिल्यांदा खरोखर समजला. बाभळीपेक्षा चोपन्न या आकड्याने तो जास्त समजला. रात्री खाटेवर पडून तो बोटांवर काय मोजत असेल ते मला ऐकू येऊ लागलं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: चोपन्न दिवस म्हणजे सर्वनाश नाही. लग्न वर्षभर पुढे जाईल, भावकीत चर्चा होईल, ठेकेदार चार शिव्या देईल. महाग आहे, पण परवडणारं आहे. दुसरं दार उघडं होतं आणि त्याला त्याची किंमत पैशापर्यंत माहीत होती.

माझ्या मते सगळं इथे अडकलेलं असतं. खलनायकाचा हेतू समजणं म्हणजे त्याने न निवडलेल्या दाराची किंमत वाचकाला कळणं. ती किंमत शून्य असेल तर तो नुसता राक्षस होतो, कारण चांगलं वागणं फुकट असून तो वाईट वागला. ती किंमत अशक्य असेल, म्हणजे मूल उचललं नाही तर ठेकेदार याच्याच मुलीला मारणार असं काही मी लिहिलं असतं, तर तो खलनायकच राहत नाही, तोही ओलीसच ठरतो. पहिल्या खर्ड्यात मी नकळत हे दुसरं केलं होतं. ठेकेदाराला इतका भयानक केला होता की मुकादमापुढे पर्यायच उरला नव्हता. 'नाइलाज' सिद्ध करायला मी कथेचे नियमच वाकवले होते.

दार खरंच उघडं होतं हे वाचकाला दिसावं म्हणून मी त्याच थळावर, म्हणजे तोडकऱ्यांच्या कोप्या असतात त्या तळावर, दुसरा एक मुकादम आणला. त्याच्याही टोळीतली जोडी पळाली आहे. हा माणूस संत नको होता, नाहीतर कथा मूल्यशिक्षणाच्या तासाला जाऊन बसली असती. म्हणून तो दारू पितो, हिशेबात मजुरांचे टन खातो, बायकांशी घाणेरडं बोलतो. पण पळालेल्या जोडीचं नाव निघालं की वहीत रेघ मारतो आणि म्हणतो, "गेलं ते गेलं. पोराबाळांच्या अंगाला हात लावायचा धंदा नाय आपला." बस, दीड पान. त्याच्याकडे बघून आमचा मुकादम हसतो आणि वाचकाला कळतं की याने दार बघितलंय.

इथे कुणीतरी म्हणणार की दोष व्यवस्थेचा आहे, मुकादमाला कशाला धरता? व्यवस्थेचा दोष आहेच. कारखाना हात झटकतो, ठेकेदार सही घेतो, बाईला विश्रांतीचा दिवस म्हणजे दंड. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या बातम्या आल्या तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने हे वाचलं. पण 'व्यवस्था' हा शब्द कथेत हल्ली बाभळीचंच काम करतो. दाराची किंमत व्यवस्था ठरवते, ती बेशरमपणे वाढवतेही. मुलाचं मनगट मात्र एका माणसाने धरलेलं असतं आणि कथाकाराला ते मनगट लिहायचं असतं.

तर मंगळवारचा प्रसंग. आता कसा आहे तो सांगतो.

मुकादम म्हातारीच्या दारात येतो. विष्णू-सुनीताचा मुलगा तिच्याकडे राहून शाळेत जातो, सहावीत आहे. मुकादम ओरडत नाही. पायरीवर बसतो, पाणी मागतो, वही काढून बाकी वाचून दाखवतो. म्हातारी म्हणते, "दादा, दोन शेळ्या घेऊन जावा. उरलेलं पट्टा पडल्यावर देतो." तो मनातल्या मनात शेळ्यांची किंमत करतो. फार तर पंधरा हजार. वही मिटतो. "शेळ्या कशाला, मावशे? पोरगं चार दिवस आमच्याकडं येऊ दे. हिशेब झाला की आणून सोडतो." हे तो अगदी समजुतीच्या सुरात बोलतो आणि त्याचा त्यावर विश्वासही असतो.

इथपर्यंत सगळं हिशेबात बसतं. मूल हातात असलं की बाप परत येतो, हा त्याचा तर्क आहे आणि तो बरोबरही आहे. प्रसंग इथेच संपवला असता तर मुकादम पुन्हा सुटला असता, या वेळी अश्रूंच्या जागी आकड्यांवर. तर्कशुद्ध माणूस म्हणून. मला पंधरा दिवस हे कळत होतं आणि उपाय सापडत नव्हता.

तो सापडला दप्तरात. मुलगा निघताना खुंटीवरचं दप्तर काढून खांद्याला लावतो, कारण चार दिवस म्हणाले ना, शाळा बुडाली तर अभ्यास करता येईल. मुकादम म्हणतो, "ते ठेव." एवढंच. दप्तर नेल्याने मुकादमाचा एक रुपया जात नाही. ठेवल्याने एक रुपया येत नाही. ठेकेदार, लग्न, चोपन्न दिवस, कशानेही त्या दोन शब्दांचा खुलासा होत नाही. हेतू जिथवर पुरतो तिथवर आपण मुकादमाला समजून घेतो आणि हेतू संपल्यावरही हात चालूच राहतो तेव्हा तो हात फक्त त्याचा असतो.

याचं प्रमाण मात्र सांभाळावं लागतं. दप्तरानंतर मी मोहात पडून आणखी तीन गोष्टी घातल्या होत्या: मुलाला गोठ्यात झोपवणं, चटका देणं, शिळं खायला घालणं. वाचून बघितलं तर चोपन्न दिवस पुसले गेले होते आणि मराठी सिनेमातला मिशीवाला पाटील उरला होता. तिन्ही काढल्या. जास्तीची क्रूरता मिठासारखी असते. एका चिमटीने चव कळते, मूठभर घातली की मीठच लागतं. आणि राक्षस लिहिणं हीसुद्धा पळवाटच आहे. राक्षसाशी वाचकाचं नातं नसतं, त्यामुळे त्याला सुटल्यासारखं वाटतं. मुकादमाचा हिशेब मात्र आपण सगळेच कुठे ना कुठे करत असतो.

आता रूममेटच्या 'कोणतं पोरगं?'कडे येतो. त्या रात्री मी खर्डा टेक्स्ट फाइलमध्ये घेऊन, सवयीप्रमाणे, मोजणी केली:

```
grep -o "मुकादम" kadambari.txt | wc -l
```

उत्तर आलं २१४. मग 'पोरगं' शोधलं, १९. मग मुलाचं नाव शोधायला गेलो आणि कर्सर नुसता लुकलुकत राहिला, कारण टाइप करायला नाव नव्हतं. मी ठेवलंच नव्हतं. बाभळीजवळच्या लहानग्या मुकादमाला नाव होतं, त्याच्या बैलांनाही होती. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला नव्हतं.

ही मोजणी काही साहित्याची कसोटी नाही, हे मलाही कळतं. खलनायकाचं नाव जास्त वेळा येणारच, तो कथा हलवतो. पण शून्य हा आकडा वेगळा असतो. तेव्हा मला 'सामना' आठवला, १९७० च्या दशकातला, तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील साखर कारखान्याचा सम्राट आहे. रुबाबदार, गप्पिष्ट, एका अनोळखी दारुड्या मास्तरला घरी आणून ठेवणारा. आपल्याला तो आवडतो. त्याच्या सत्तेचा ताण आणि त्याची भीती, दोन्ही समजतात. तरीही तो सिनेमाभर एकदाही सुटत नाही, कारण श्रीराम लागूंचा मास्तर एका माणसाचं नाव सोडत नाही. मारुती कांबळे. हा मारुती गायब आहे, पण त्याचं नाव चांगल्या जेवणातही मधे येतं, दारूतही येतं. खलनायक जितका जवळचा होतो तितकं ते नाव जास्त टोचतं. समजून घेणं आणि माफ न करणं या दोन गोष्टी एकाच वेळी कशा करायच्या, याचं इतकं सोपं तंत्र मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

मी मुलाचं नाव अंकुश ठेवलं. मुकादम जीपमध्ये बसून निघून गेल्यावर धडा पूर्वी संपायचा, कॅमेरा जीपबरोबर जायचा. आता मी म्हातारीच्या घरी थांबतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सवयीने दोघांच्या भाकरी थापते. शाळेतून एक मुलगा हाक मारत येतो, "अंकुश!" आणि म्हातारीला काय सांगावं कळत नाही. दप्तर खुंटीवर आहे. दोन पानं, फार नाही. पण यानंतर मुकादमाच्या घरातले प्रसंग, त्याचं मुलीवरचं प्रेम, त्याची रात्रीची बोटांवरची मोजदाद, हे सगळं मी मोकळेपणाने लिहू शकलो. तो सुटेल ही भीती गेली होती. रूममेटने नवा खर्डा वाचला तेव्हा 'बिचारा' म्हणाला नाही. म्हणाला, "साला, मीपण कदाचित तेच केलं असतं. ते दप्तराचं सोडून." मग थोड्या वेळाने, "बहुतेक."

राहिले आजोबा.

आमच्या घरात आजोबांच्या मुकादमकीबद्दल बोलताना एकच शब्द वापरतात, 'नाइलाज'. त्यांच्या पैशातून मामा शिकले, आईचं लग्न झालं, आणि त्यांनी घेतलेल्या जमिनीचा तुकडा विकून माझ्या इंजिनिअरिंगची फी भरली गेली. आई लहानपणच्या आठवणी सांगताना एका मुलाचं हमखास सांगायची. आजोबांनी 'ठेवून घेतलेला' एक मुलगा शेळ्या राखायचा आणि संध्याकाळी येताना आईसाठी खिशात बोरं आणायचा. ही गोष्ट आमच्याकडे गोड आठवण म्हणून सांगितली जाते. मीही अनेक वर्षं ती तशीच ऐकली. कादंबरी मुकादमाबद्दल लिहायची ठरवली तेव्हासुद्धा मला वाटत होतं की मी शोषणाबद्दल लिहितोय. सात पानांचा फ्लॅशबॅक मी कुणाला सोडवायला लिहिला होता, हे तो कापतानाच कळलं. आजोबांच्या वडलांना कुणी बाभळीला बांधल्याचं घरात कधीच कुणी सांगितलेलं नाही. ते मी बनवलं होतं.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा आईला नवा धडा वाचून दाखवला. दप्तरापाशी ती काही बोलली नाही. भाकरीपाशी उठून आत गेली, गॅस बंद करून आली. वाचून झाल्यावर मी विचारलं, "आई, तुला बोरं आणून द्यायचा त्याचं नाव काय होतं गं?"

ती बराच वेळ आठवत राहिली. मग मामांना फोन लावला. त्यांनाही आठवेना. "शेळ्यावाला म्हणायचो आपण," मामा म्हणाले.